तीन कोटेशनं, तीन मापं: दरपत्रकाचा तक्ता आपणच छापून द्यावा

पत्र

आमची नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशिनिंगचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. ॲडमिन आणि एचआर दोन्ही मीच बघते. हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. सध्या पंचिंग मशीनचा डेटा एक्सेलमध्ये काढून पगार करतो. तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवलं. पहिल्याने लिहिलं, "दर कर्मचारी दरमहा ६० रुपये". दुसऱ्याने, "एकरकमी २,७५,००० आणि वार्षिक देखभालीची एएमसी १८ टक्के". तिसऱ्याने, "वर्षाला १,२०,०००, २०० कर्मचाऱ्यांपर्यंत". आमच्या पगारावर १८० जण आहेत, शिवाय ठेकेदाराचे ७० कामगार. साहेब म्हणतात, तुलनेचा तक्ता करून आणा. तो काही जमत नाही. आता आरएफपी, म्हणजे विक्रेत्यांकडून प्रस्ताव मागवण्याचा कागद, काढा असं सुचवलं जातंय. ती कशी लिहू, म्हणजे सगळ्यांचे दर एकाच मापात येतील?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, तक्ता जमत नाही यात तुमची काही चूक नाही. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींची किंमत सांगितली आहे. शिवाय तुमच्याबद्दल जे ठाऊक नव्हतं, ते प्रत्येकाने आपल्या सोयीने धरून चाललं आहे. ७० ठेका कामगार मोजायचे की नाहीत? पंचिंग मशीन किती? सर्व्हर कुणाचा? तीन वर्षांनी माणसं किती असतील? यातलं काहीच तुम्ही लिहून दिलं नसेल, तर प्रत्येक जण आपला आकडा लहान दिसेल असंच उत्तर धरणार. त्यामुळे आरएफपीचं पहिलं काम सॉफ्टवेअरचं वर्णन करणं हे नाही. विक्रेत्याला अंदाज करायला जागाच न ठेवणं, हे तिचं पहिलं काम आहे.

म्हणून सुरुवात स्वतःच्या आकड्यांच्या एका पानापासून करा. पगारावर आज १८० जण, दुसऱ्या वर्षी २००, तिसऱ्या वर्षी २२० असं धरा. हे आकडे साहेबांकडून घ्या, म्हणजे नंतर वाद होत नाहीत. ठेकेदाराचे कामगार तिन्ही वर्षं ७०, त्यांची फक्त हजेरी लागते, पगार ठेकेदार करतो. पंचिंग मशीन किती, कुठल्या गेटवर आणि कुठल्या मेक-मॉडेलची, हेही लिहा. मॉडेल लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण जुन्या मशीनमधून डेटा थेट उचलता येतो की मध्ये आणखी एक प्रोग्राम बसवावा लागतो, हे त्यावरच ठरतं आणि तो खर्च बहुतेक वेळा ऑर्डर दिल्यानंतर समोर येतो. शिफ्ट किती, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी माणसं किती, मोबाइल ॲप कुणाकुणाला हवं, मागच्या किती वर्षांचा डेटा आत घ्यायचा, तेही टाका. हे पान भरताना तुम्हाला स्वतःलाच दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतील. ते विचारणं आत्ता परवडतं.

या पानाखाली एक वाक्य ठळक अक्षरात घाला: "सर्व दर वरील संख्यांनुसार, तीन वर्षांसाठी द्यावेत." किती वर्षांचा हिशेब करायचा हे कोटेशन उघडण्याआधी ठरलेलं असलंच पाहिजे. एकरकमी लायसन्सवाला दीर्घ मुदतीत स्वस्त दिसतो, दरमहा घेणारा अल्प मुदतीत. आकडे समोर आल्यावर मुदत ठरवली, तर नकळत आपल्याला आवडलेल्या कंपनीच्या सोयीची मुदत निवडली जाते.

आता मुख्य भाग, दरपत्रक. विक्रेत्याला त्याच्या लेटरहेडवर, त्याच्या पद्धतीने दर देऊ देऊ नका. एक्सेलची एक शीट तुम्ही तयार करा, ओळी तुमच्या, त्याने फक्त रकाने भरायचे. त्यासाठी काही नियम शीटवरच छापा. ओळ काढायची किंवा बदलायची नाही. रिकामी ठेवायची नाही. पैसे लागणार नसतील तर "समाविष्ट" लिहायचं आणि मग ते नंतर मागता येणार नाहीत. "ॲक्चुअलप्रमाणे", "नंतर ठरवू", "अटी लागू" यांपैकी काही लिहिलं तर ते दरपत्रक अपूर्ण धरलं जाईल. त्याला दुसरी एखादी योजना सुचवायची असेल तर जरूर सुचवावी, पण ही शीट पूर्ण भरल्यावर, वेगळ्या कागदावर.

जीएसटी वेगळ्या ओळीत मागा. तुमची कंपनी नोंदणीकृत आहे आणि सॉफ्टवेअरवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट तुम्हाला मिळणार असेल, तर तुलना कराशिवायच्या रकमेवर करा. क्रेडिट न मिळणाऱ्या शाळेने किंवा ट्रस्टने मात्र करासकट रक्कम धरावी.

तुमच्याच तीन कोटेशनांवर हे करून बघू. मूळ दर तुमच्या पत्रातले आहेत. बाकीचे आकडे शीट भरल्यावर जसे येऊ शकतील तसे मी धरले आहेत. पंचिंग मशीनही तीन धरली आहेत.

पहिल्याच्या ६० रुपयांना तुम्ही साहजिकच १८० ने गुणलं असेल. वर्षाला १,२९,६०० होतात. पण त्याच्या लेखी "कर्मचारी" म्हणजे सिस्टिममधली प्रत्येक चालू नोंद असेल, तर ठेकेदाराचे ७० जणही आले. मग पहिल्या वर्षी २५० नोंदींचे १,८०,०००, दुसऱ्या वर्षी २७० चे १,९४,४०० आणि तिसऱ्या वर्षी २९० चे २,०८,८००. तीन वर्षांचे झाले ५,८३,२००.

दुसऱ्याचं सॉफ्टवेअर तुमच्या जागेत बसणारं आहे. एएमसी पहिल्या वर्षी नाही, पुढची दोन वर्षं ४९,५०० प्रमाणे. पण त्याला सर्व्हर लागतो, तो तुमच्या खिशातून. दरमहा ३,००० चा भाड्याचा सर्व्हर धरला तर ३६ महिन्यांचे १,०८,००० होतात. ही रक्कम विक्रेता कधीच लिहीत नाही, कारण ती त्याला मिळत नाही. म्हणून दरपत्रकात "ग्राहकाने स्वतः करायचा खर्च" अशी ओळ ठेवा. मशीन कसं लागेल, किती क्षमतेचं, बॅकअप कुठे, हे त्यानेच लिहायचं. बाजारभाव काढून रक्कम तुम्ही टाकायची.

तिसऱ्याची मेख "२०० कर्मचाऱ्यांपर्यंत" या शब्दांत आहे. २५० नोंदी झाल्या की तुम्ही पहिल्याच दिवसापासून पुढच्या स्लॅबमध्ये. तो स्लॅब समजा १,७५,००० चा आणि दरवर्षी दहा टक्के वाढ. मग तीन वर्षांचे १,७५,०००, १,९२,५०० आणि २,११,७५०, म्हणजे ५,७९,२५०. दरवाढीची ओळ तुम्ही छापली नाही, तर ती वाढ पहिल्या नूतनीकरणाच्या बिलातच कळते.

| ओळ (रुपये, जीएसटी सोडून) | पहिला | दुसरा | तिसरा |
|---|---|---|---|
| लायसन्स किंवा वर्गणी, ३ वर्षं | ५,८३,२०० | २,७५,००० | ५,७९,२५० |
| एएमसी | समाविष्ट | ९९,००० | समाविष्ट |
| ग्राहकाचा खर्च (सर्व्हर) | ० | १,०८,००० | ० |
| बसवणं, जुना डेटा, प्रशिक्षण | ४०,००० | ६०,००० | समाविष्ट |
| ३ पंचिंग मशीनची जोडणी | २४,००० | समाविष्ट | १५,००० |
| मोबाइल ॲप | समाविष्ट | ४५,००० | समाविष्ट |
| जादा काम, १० मनुष्यदिवस | ६०,००० | ४०,००० | ५०,००० |
| एकूण | ७,०७,२०० | ६,२७,००० | ६,४४,२५० |

आधीच्या कागदांवर तिसरा सगळ्यात स्वस्त आणि दुसरा त्याच्या दुपटीहून महाग दिसत होता. इथे दुसरा सर्वांत खाली आला आणि तिसरा त्याच्यापासून फक्त १७,२५० ने लांब आहे. तीन वर्षांच्या खरेदीत एवढा फरक म्हणजे दोघांची किंमत सारखीच समजायची, आणि मग निवड कामाच्या दर्जावर करायची. असा निष्कर्ष आधीच्या तीन कागदांतून काढताच आला नसता. चौथं वर्षही एकदा बघून ठेवा. दुसऱ्याला तेव्हा एएमसी आणि सर्व्हर मिळून ८५,५०० द्यावे लागतील. माणसं २९० वरच राहिली तरी पहिल्याला २,०८,८०० जातील, तिसऱ्याला दहा टक्के वाढीने २,३२,९२५. हे सॉफ्टवेअर पाच-सात वर्षं वापरायचं असं साहेबांच्या मनात पक्कं असेल, तर हिशेबाची मुदतच पाच वर्षांची ठेवा आणि तसं आरएफपीत लिहा.

तक्त्यातल्या जादा कामाच्या ओळीबद्दल थोडं सांगते, कारण ती सहसा कुणी घालत नाही. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये नंतर काही ना काही करून घ्यावं लागतंच: एखादा रिपोर्ट, एखादा वेगळा भत्ता. त्याचा नुसता "दररोजचा दर" मागितला तर विक्रेता तो हवा तेवढा चढा लिहितो, कारण एकूण रकमेत तो येत नाही. त्याऐवजी १० मनुष्यदिवसांची रक्कम एकूण बेरजेत धरली जाईल असं सांगा. दर चढा लावला तर तुलनेत तोच मागे पडेल, म्हणून तो जपून लिहितो. ते दहा दिवस तुम्हाला विकत घ्यावेच लागतील असं नाही, आणि तेही तिथेच लिहा. हाच दर पुढे तीन वर्षं लागू राहील, असंही.

दर एका मापात आले तरी माल एक आहे का, हा प्रश्न उरतो. "पीएफ, ईएसआयसी, व्यवसाय कर होतो का?" असं विचारलंत तर तिघेही "हो" म्हणतील आणि त्या "हो"ला काही अर्थ नसेल. गरज वैशिष्ट्याच्या नावाने लिहू नका. तुमच्या शॉपमध्ये घडणारा प्रसंग लिहा आणि त्याचं अपेक्षित उत्तर लिहा.

उदाहरणार्थ, "नाइट शिफ्ट सपोर्ट" असं लिहिण्याऐवजी असं लिहा: कामगार ३१ तारखेला रात्री १०.२५ ला आत आला, १ तारखेला सकाळी ६.४० ला बाहेर गेला. ही हजेरी ३१ चीच लागली पाहिजे, १ तारखेला तो गैरहजर दिसता कामा नये आणि सहाला शिफ्ट संपल्यानंतरची ४० मिनिटं ओव्हरटाइमच्या मंजुरीसाठी सुपरवायझरकडे गेली पाहिजेत. महिना उलटताना ही हजेरी तुटते हा एक्सेलवर पगार करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्येही ती इथेच तुटते.

व्यवसाय कराचंही तसंच. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत मासिक पगार असलेल्या महिलेला तो लागत नाही. आता तिचा पगार २४,८०० आहे आणि एका महिन्यात ओव्हरटाइम धरून २५,६०० झाला, तर त्या महिन्यात २०० कापले गेले पाहिजेत, तो महिना फेब्रुवारी असेल तर ३००, आणि पुढच्या महिन्यात कपात आपोआप थांबली पाहिजे. ईएसआयसीसाठी असा प्रसंग घ्या: जुलैत पगार २०,५०० वरून २२,००० झाला. मर्यादा २१,००० ची असली तरी एप्रिल ते सप्टेंबर हा अंशदानाचा कालावधी संपेपर्यंत कपात चालू राहिली पाहिजे, ऑक्टोबरपासून बंद. जो विक्रेता महाराष्ट्रातल्या कारखान्यांना खरोखर सेवा देतो त्याला हे वाचायला अर्धं मिनिट लागेल. ज्याने हे केलेलं नाही, तो फोन करून अर्थ विचारेल.

असे प्रसंग पंचवीस-तीस पुरेत. प्रत्येकासमोर उत्तरासाठी चारच पर्याय द्या: आज तयार आहे, सेटिंग बदलून होईल, इतक्या रुपयांत प्रोग्राम लिहून होईल, होणार नाही. रिकामं उत्तर म्हणजे "होणार नाही". तिसऱ्या पर्यायासमोरची रक्कम तुम्ही तक्त्यात वेगळी ओळ घालून मिळवायची. म्हणजे गरजांची यादी आणि दरपत्रक एकमेकांना जोडले जातात आणि "ते होईल मॅडम, करून देऊ" या तोंडी आश्वासनालाही किंमत लागते. यादीत एक ओळ कायद्यातल्या बदलांची हवीच. दर बदलला, मर्यादा बदलली किंवा नव्या कामगार संहितांप्रमाणे वेतनाची व्याख्या लावायची झाली, तर तो बदल वर्गणीत किंवा एएमसीत धरलेला आहे की त्याचे वेगळे पैसे? दुसरी ओळ सोडून जातानाची: तीन वर्षांनी करार संपवला तर सगळ्या पगारपत्रकांसह डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये किती दिवसांत मिळेल आणि किती रुपयांत.

यादी लिहिताना एका मदतीपासून लांब राहा. एखादा विक्रेता म्हणेल, "आमच्याकडे तयार आरएफपी आहे, तुम्हाला पाठवतो." ती घेऊ नका. त्यात त्याच्याकडे असलेली आणि इतरांकडे नसलेली वैशिष्ट्यं "अत्यावश्यक" म्हणून बसवलेली असतात. मग तुमच्या कागदावर बाकीचे दोघे विनाकारण नापास होतात. तुमचे प्रसंग तुमच्या टाइम ऑफिसात मिळतील. मागच्या सहा महिन्यांत पगारात कुठे कुठे हाताने दुरुस्ती करावी लागली, एवढं विचारा. यादी तिथेच निम्मी होईल.

पाठवण्याची पद्धत साधी ठेवा, पण सगळ्यांना सारखी. तीन आठवडे द्या. प्रश्न ईमेलनेच, पहिल्या आठवड्यात. एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाव न सांगता तिघांनाही पाठवा, नाहीतर एकाला फोनवर मिळालेली माहिती त्याच्या दरात उतरते आणि तुलना पुन्हा बिघडते. सरकारी निविदांसारखी दोन लिफाफ्यांची पद्धत इथेही उपयोगी पडते. गरजांची उत्तरं एका फाइलमध्ये, दरपत्रक वेगळ्या पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये. पासवर्ड डेमोनंतर मागायचा. रक्कम आधी दिसली की स्वस्त असलेल्याचा डेमो आपल्याला बरा वाटायला लागतो, हे माणसाच्या स्वभावातच आहे.

डेमोसाठी पाच खोट्या कर्मचाऱ्यांची एका महिन्याची हजेरी आणि पगाराचं कोष्टक तुम्ही बनवा. त्यात वरचे अवघड प्रसंग पेरा, आणि निव्वळ पगार किती यायला हवा ते हाताने काढून आपल्याजवळ ठेवा. खऱ्या माणसांचे आधार, पॅन किंवा बँक खाती यात घालू नका. चार दिवस आधी तिघांना हीच फाइल पाठवा आणि डेमोत पगारपत्रक चालवून दाखवायला सांगा. विक्रेत्याचा ठरलेला डेमो नको. त्यात डॅशबोर्ड फार सुंदर दिसतात आणि रात्रपाळी कुणी दाखवत नाही. पाचही आकडे तुमच्या आकड्यांशी जुळतात का, न जुळल्यास समोरचा माणूस कारण शोधून सांगू शकतो का, एवढं बघा.

एक अडचण येईल, ती आधीच सांगते. तुमची ऑर्डर सहा-सात लाखांची. मोठी कंपनी एवढ्यासाठी चाळीस पानांची आरएफपी भरणार नाही, छापील दरसूची पाठवून मोकळी होईल. म्हणून एकूण कागद सात-आठ पानांत बसवा. तरीही कुणी शीट भरून दिली नाही, तर त्याच्या दरसूचीवरून ती तुम्हीच भरा आणि "आमच्या समजुतीनुसार तीन वर्षांचा खर्च असा येतो, चूक असल्यास कळवावं, बरोबर असल्यास तसं लिहून द्यावं" असा ईमेल करा. लेखी होकार आला तर त्याला तुलनेत घ्या. आला नाही, तर त्याचा आकडा हा तुमचा अंदाज आहे असं तक्त्यात स्पष्ट लिहूनच साहेबांसमोर ठेवा.

हातातल्या तीन कोटेशनांचं आता एवढंच करा. तिघांना कळवा की आधीचे दर विचारात घेतले जाणार नाहीत आणि नव्या शीटवर, ९० दिवसांच्या वैधतेने दर हवे आहेत. एकाचा दर दुसऱ्या कुणाला सांगू नका, तो कितीही आग्रहाने विचारो. ऑर्डर देताना परचेस ऑर्डरला तीन जोडपत्रं लावा: तुमच्या आकड्यांचं पान, भरलेली गरजांची यादी आणि भरलेलं दरपत्रक. ऑर्डरमध्ये लिहा की विक्रेत्याच्या छापील अटी आणि ही जोडपत्रं यांत फरक पडल्यास जोडपत्रं ग्राह्य धरली जातील. पैशांचा शेवटचा हप्ता, निदान पंचवीस टक्के, नव्या सॉफ्टवेअरचा पगार तुमच्या एक्सेलशी सलग दोन महिने जुळल्यानंतरच द्यायचा, हेही त्याच ऑर्डरवर लिहा.